ऑप्शन व्हेस्ट झाले. पैसे भरण्याआधी कंपनीला कोणतं पत्र लिहायचं?

नोकरीच्या करारासोबत मिळालेले ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, सहसा चार वर्षांत व्हेस्ट होतात, म्हणजे वापरता येण्याजोगे होतात. मग एक दिवस एचआरची मेल येते: ‘तुमचे इतके ऑप्शन आता वापरता येतील.’ मेलमध्ये एक्सरसाइज किंमत, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेताना द्यायची किंमत, दिलेली असते, ती पाहून माणूस गुणाकार करतो आणि तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवतो. खरा धक्का त्यानंतर बसतो, कारण शेअरच्या किमतीपेक्षा कराची रक्कम दुप्पट-तिप्पट निघू शकते. तीही शेअर विकून नव्हे, खिशातून भरायची असते. म्हणून ऑप्शन वापरण्याचा अर्ज भरण्याआधी कंपनीला एक पत्र लिहावं. पैसे कधी, किती आणि कोणत्या खात्यात भरायचे आणि कर कसा धरला जाणार, हे त्यात विचारून लेखी उत्तर मागावं. पत्रात काय विचारायचं हे कळण्यासाठी आधी हिशेब समजून घेऊ. इथे भारतातल्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचं उदाहरण घेतलं आहे. पुणे, मुंबई, बंगळूरूच्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत हीच स्थिती असते.

समजा, तुमच्याकडे व्हेस्ट झालेले ३,००० ऑप्शन आहेत आणि एक्सरसाइज किंमत शेअरमागे ५० रुपये आहे. म्हणजे शेअरपोटी कंपनीला १,५०,००० रुपये द्यायचे. पण ज्या दिवशी तुम्ही ऑप्शन वापरता त्या दिवशी शेअरचं वाजवी बाजारमूल्य ४५० रुपये धरलं गेलं, तर आयकर कायदा म्हणतो की मालकाने तुम्हाला शेअरमागे ४०० रुपयांचा लाभ दिला. तीन हजार शेअरांवर हा लाभ १२ लाख रुपये होतो. तो पगाराचाच भाग समजला जातो. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम १७(२)(६) मध्ये आहे आणि त्यावर कलम १९२ खाली टीडीएस कापणं ही कंपनीची जबाबदारी आहे.

वर्षाचा पगार २८ लाख आणि नवी करप्रणाली असेल, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र पगार २७.२५ लाख राहतो. २४ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्के दर असल्यामुळे हे वरचे १२ लाख पूर्णपणे ३० टक्क्यांत जातात. त्यावर ४ टक्के सेस धरला की दर ३१.२ टक्के होतो आणि कर ३,७४,४०० रुपये. शेअरचे दीड लाख मिळवले तर एकूण ५,२४,४०० रुपये लागतात. हातात येतात ते शेअर. आणि बाजारात नोंद नसलेला शेअर कर भरण्यापुरता विकून टाकावा म्हटलं तर गिऱ्हाईक सापडत नाही.

आता पत्रातला पहिला महत्त्वाचा प्रश्न: ते ४५० रुपये आले कुठून? नोंद नसलेल्या कंपनीत हे मूल्य सेबीकडे नोंदणी असलेल्या कॅटेगरी वन मर्चंट बँकरने ठरवावं लागतं. मूल्यांकनाची तारीख ऑप्शन वापरण्याच्या दिवसाची असावी किंवा त्याआधीची, पण १८० दिवसांपेक्षा जुनी नसावी. गोंधळ इथेच होतो. एचआरच्या सादरीकरणात ‘शेअरची किंमत’ म्हणून जो आकडा दाखवतात तो बहुधा शेवटच्या गुंतवणूक फेरीतला असतो. तो गुंतवणूकदारांच्या प्रेफरन्स शेअरचा असू शकतो, तुम्हाला मिळणारा शेअर इक्विटी असतो. कंपनी कायद्यासाठी केलेलं मूल्यांकन आणखी तिसरंच असतं. कर कापताना यातला एकही आकडा चालत नाही. चालतो तो फक्त मर्चंट बँकरच्या अहवालातला.

या १८० दिवसांचा परिणाम केवढा होतो ते पाहा. तुम्ही चौकशी केलीत तेव्हा अहवालात ४५० रुपये होते. मधल्या काळात अहवालाची मुदत संपली, नवीन अहवाल ७०० रुपयांचा आला आणि तुमचा अर्ज त्यानंतर पोचला. लाभ शेअरमागे ६५० रुपये, एकूण साडेएकोणीस लाख, कर ६,०८,४०० रुपये. अर्ज काही दिवस लांबल्याने २,३४,००० रुपये जास्त गेले. म्हणून पत्रात नुसतं ‘सध्याचं मूल्य काय’ असं विचारू नये. अहवालाची तारीख विचारावी आणि अमुक तारखेपर्यंत अर्ज दिला तर हाच अहवाल धरला जाईल का, हेही विचारावं. नव्या गुंतवणूक फेरीची बोलणी चालू आहेत का, हे कंपनी सांगणार नाही आणि विचारूनही उपयोग नाही. पण अहवालाची तारीख सांगायला तिला अडचण नसते.

दुसरा प्रश्न तारखांचा. ऑप्शन वापरण्याची तारीख आणि शेअर वाटपाची तारीख या वेगळ्या असतात. अर्ज आणि पैसे दिल्यावर संचालक मंडळ किंवा त्याची समिती वाटपाचा ठराव करते, त्यानंतर शेअर डीमॅट खात्यात येतात. मूल्य धरायचं ते अर्जाच्या दिवशीचं, पण उत्पन्न कोणत्या आर्थिक वर्षातलं हे ठरतं वाटपावरून. मार्चमध्ये अर्ज केला आणि समितीची बैठक एप्रिलमध्ये झाली, तर लाभ पुढच्या वर्षाच्या पगारात मोजला जातो. कंपनीचा पेरोल विभाग कधीकधी अर्जाच्याच महिन्यात कर कापून टाकतो, मग फॉर्म १६ एका वर्षाचा आणि वाटपाचं पत्र दुसऱ्या वर्षाचं, असा मेळ न बसणारा प्रकार होतो. बैठका कधी होतात हे आधी विचारलं की तो टळतो.

आणि आता हप्त्यांचा विषय, ज्याबद्दल लोक सर्वांत कमी विचारतात. शेअरची किंमत सहसा अर्जासोबत एकरकमी भरावी लागते, त्यात फारशी सवलत मिळत नाही. कराचं मात्र तसं नाही. पगारावरचा टीडीएस हा वर्षभराच्या अंदाजी उत्पन्नावर सरासरी दराने कापायचा असतो, आणि वर्षात आधी कमी-जास्त कापलं गेलं असेल तर पुढच्या महिन्यांत ते जुळवून घेण्याची मुभा कलम १९२(३) मालकाला देतं. म्हणजे वाटप झाल्यावर वाढलेला कर त्या आर्थिक वर्षातल्या उरलेल्या पगारांत विभागून कापता येतो.

आपल्या उदाहरणात वाटप एप्रिलमध्ये झालं तर ३,७४,४०० रुपये बारा पगारांत विभागले जातात, महिन्याला ३१,२०० रुपये. नोव्हेंबरमध्ये झालं तर नोव्हेंबर ते मार्च असे पाच पगार, प्रत्येकातून ७४,८८० रुपये. मार्चमध्ये झालं तर सगळी रक्कम एकाच पगारातून, आणि मार्चचा ढोबळ पगारच सुमारे २,३३,००० रुपये आहे! तो संपूर्ण कापला तरी कर भागत नाही. उरलेली रक्कम तुम्हाला कंपनीकडे जमा करावी लागते. शेअर तेच, कर तोच, पण महिना कोणता निवडला यावर घरखर्चाचं गणित अवलंबून असतं. गृहकर्जाचा हप्ता चालू असलेल्याने तर हा हिशेब आधीच करावा.

पुष्कळ कंपन्या असं विभागून कापत नाहीत. ‘शेअरचे पैसे आणि पूर्ण कर आधी भरा, मगच वाटप’ असं त्यांच्या योजनेतच लिहिलेलं असतं. त्यामागे कारण आहे: कर्मचारी मधेच सोडून गेला तर न कापलेला कर सरकारला देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. ही भीती खोटी नाही. म्हणून विभागणी मागताना तिचं उत्तरही सोबत द्यावं: नोकरी सोडल्यास उरलेला कर अंतिम हिशेबातून एकरकमी कापावा आणि तिथे कमी पडल्यास मी भरेन, अशी लेखी संमती. एवढं पत्रात असलं की वित्त विभागाला होकार देणं सोपं जातं. तरीही अंतिम शब्द योजनेच्या नियमांचा; योजनेत एकरकमीच लिहिलं असेल तर कायद्यातली मुभा दाखवून हट्ट धरता येत नाही.

कंपनी स्टार्टअप असेल तर आणखी एक दार उघडं असू शकतं. २०२० पासून ठरावीक स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो. तीन गोष्टींपैकी जी आधी घडेल तिच्यापासून १४ दिवसांत कर भरायचा: संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यानंतर ४८ महिने पूर्ण होणं, शेअर विकणं किंवा नोकरी सुटणं. नोव्हेंबर २०२५ च्या वाटपाचं कर-निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२७ ला संपतं, त्यामुळे ४८ महिन्यांची हद्द ३१ मार्च २०३१ पर्यंत जाते. दर मात्र वाटपाच्या वर्षाचाच लागतो. पण ‘आम्ही मान्यताप्राप्त स्टार्टअप आहोत’ एवढ्यावर विसंबू नका. डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता अनेक कंपन्यांकडे असते. या सवलतीसाठी त्यापुढचं, आंतरमंत्रालयीन मंडळाचं कलम ८०-आयएसी खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते फार थोड्यांकडे असतं. पत्रात प्रमाणपत्राचाच उल्लेख करून विचारावं. आणि नोकरी बदलण्याचा विचार असेल तर ही सवलत सापळा ठरू शकते: नोकरी सुटल्यानंतर १४ दिवसांत सगळा कर दारात उभा राहतो.

सगळे ऑप्शन एकदम वापरायचे की दोन वर्षांत, याचं उत्तरही कराच्या हिशेबातूनच मिळतं. समजा तुमच्याकडे ३,००० नाही, ४,००० ऑप्शन आहेत आणि मूल्य ७०० रुपये आहे. लाभ २६ लाख, एकूण करपात्र उत्पन्न ५३.२५ लाख. पन्नास लाखांची रेषा ओलांडली की फक्त वरच्या भागावर नव्हे, पूर्ण करावर १० टक्के अधिभार लागतो. या उदाहरणात सेससह तो १,२२,४६० रुपये होतो. ३,००० आत्ता आणि १,००० पुढच्या एप्रिलनंतर वापरले तर दोन्ही वर्षं रेषेच्या आत राहू शकतात. अर्थात तोवर मूल्य वाढलं नाही तर. म्हणून तुकड्यांत ऑप्शन वापरता येतात का आणि एका वेळी किमान किती, हेही पत्रात यावं.

आता पत्राचा मसुदा. त्यातलं एक वाक्य कधीही गाळू नका: ‘हे पत्र ऑप्शन वापरण्याची सूचना नाही.’ बहुतेक योजनांत एकदा दिलेली सूचना मागे घेता येत नाही. ‘मी माझे ऑप्शन वापरू इच्छितो’ असं मोघम लिहिलं आणि कंपनीने तीच सूचना धरली, तर मूल्याची तारीख त्या दिवसाची ठरते. पत्र योजना सांभाळणाऱ्या कंपनी सचिवांना पाठवावं, प्रत एचआर आणि पेरोलला. कंपनीचं कामकाज इंग्रजीत चालत असेल तर याच मुद्द्यांचं इंग्रजी करून ईमेलने पाठवा. तारखेसह पुरावा राहतो.

विषय: व्हेस्ट झालेल्या ऑप्शनसाठी भरण्याचं वेळापत्रक आणि करआकारणीबाबत माहिती मिळण्याविषयी

मा. कंपनी सचिव यांस,

सप्रेम नमस्कार.

ग्रँट पत्र क्रमांक ____, दिनांक ____ नुसार मला ____ ऑप्शन मिळाले असून त्यांपैकी ____ आजपर्यंत व्हेस्ट झाले आहेत. एक्सरसाइज किंमत प्रतिशेअर ____ रुपये आहे. आपल्या नोंदीशी हे आकडे जुळत असल्याची कृपया खात्री करून कळवावे. हे पत्र केवळ माहितीसाठी असून ते ऑप्शन वापरण्याची सूचना समजू नये.

____ ऑप्शन वापरण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मला पुढील माहिती हवी आहे.

१. एक्सरसाइज रक्कम कोणत्या बँक खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत भरायची? ऑप्शन तुकड्यांत वापरता येतील का?

२. कर मोजण्यासाठी मर्चंट बँकरच्या कोणत्या तारखेच्या अहवालातले, प्रतिशेअर किती मूल्य धरले जाईल? मी दिनांक ____ पर्यंत सूचना दिल्यास तोच अहवाल लागू राहील का?

३. शेअर वाटपाची पुढील बैठक कधी अपेक्षित आहे आणि लाभ कोणत्या आर्थिक वर्षाच्या पगारात दाखवला जाईल?

४. कंपनीकडे कलम ८०-आयएसी खालील प्रमाणपत्र आहे का आणि त्यानुसार करकपात पुढे ढकलली जाईल का?

५. तसे नसल्यास, टीडीएस या आर्थिक वर्षातील उरलेल्या पगारांतून समान भागांत कापावा अशी माझी विनंती आहे. या काळात नोकरी संपल्यास उरलेली रक्कम अंतिम हिशेबातून एकरकमी कापण्यास आणि कमी पडल्यास भरण्यास माझी संमती आहे. हे शक्य नसल्यास कराची रक्कम कधी आणि कोणत्या खात्यात भरायची ते कळवावे.

६. वरील मूल्यानुसार लाभ, कराचा दर, अधिभार, सेस आणि एकूण भरायची रक्कम दाखवणारा अंदाजी हिशेब मिळावा.

आपले उत्तर दिनांक ____ पर्यंत मिळाल्यास मला निधीची सोय करता येईल.

आपला/आपली विश्वासू,
नाव, कर्मचारी क्रमांक, डीमॅट खात्याचा तपशील

मसुद्यात कलमांपेक्षा वस्तुस्थितीवर भर दिला आहे, कारण १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले. या लेखातले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या वाटपाला तेच लागू. त्यानंतरच्या वाटपासाठी चौथ्या मुद्द्यात ‘किंवा नव्या कायद्यातील समकक्ष तरतूद’ एवढं जोडा.

उत्तर आलं की आधी सहावा मुद्दा पाहा. हिशेबात सरसकट ३० टक्के लावून सेस विसरलेला असतो, किंवा उलट, पन्नास लाखांच्या आत असूनही अधिभार धरलेला असतो. पैसे भरताना शेअरची रक्कम आणि कराची रक्कम एकत्र पाठवू नका. पहिली कंपनीच्या भागभांडवलात जमा होते, दुसरी सरकारकडे जायची असते. दोन वेगळे व्यवहार आणि प्रत्येकाच्या शेऱ्यात ग्रँट क्रमांक असला म्हणजे नंतर ‘तुमचे पैसे कमी आले’ हा वाद होत नाही.

कंपनीने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. तिमाही विवरणपत्र दाखल झाल्यावर तो तुमच्या फॉर्म २६ एएसमध्ये दिसला पाहिजे. कराची रक्कम स्वतःच्या खात्यातून कंपनीला दिली असेल तर हे तपासणं जास्तच गरजेचं, कारण पेरोलमध्ये ती नोंदली गेली नाही तर पैसे गेलेले असतात आणि सरकारच्या दप्तरी मात्र कर बाकीच दिसतो.

फॉर्म १६ सोबतच्या फॉर्म १२ बीएमध्ये ऑप्शनच्या लाभाचे १२ लाख रुपये दिसतात का ते बघा आणि तो कागद, मर्चंट बँकरच्या मूल्याचं पत्र आणि वाटपाचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. पुढे शेअर विकताना याच फाइलची गरज लागते. समजा दोन वर्षांहून अधिक काळाने शेअर ९०० रुपयांना विकले. नफा ९०० वजा ५० असा मोजायचा नाही. जे ४५० रुपये मूल्य धरून तुम्ही कर भरलात तीच तुमची खरेदी किंमत. त्यामुळे नफा १३.५ लाख आणि १२.५ टक्क्यांनी, सेससह कर १,७५,५०० रुपये. ५० रुपये धरून मोजलं तर त्याच १२ लाखांवर दुसऱ्यांदा कर जाऊन १,५६,००० रुपये फुकट जातात. नोंद नसलेल्या शेअरसाठी दीर्घ मुदत २४ महिन्यांची असते आणि ती वाटपाच्या तारखेपासून मोजतात. व्हेस्टिंगच्या किंवा ग्रँटच्या नव्हे.

भाव पडला तर? ४५० धरून कर भरला आणि शेअर शेवटी २०० रुपयांना गेले, तरी भरलेला कर परत मिळत नाही. २५० रुपयांचा तोटा भांडवली तोटा ठरतो. तो पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यासमोर मांडता येतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. कंपनीच्या भवितव्याविषयी मनात शंका असेल तर चौकशीचं पत्र जरूर पाठवा, पण उत्तरातला कराचा आकडा पाहून अर्ज न देण्याचा निर्णयही तितकाच रास्त असू शकतो. फक्त योजनेतली ऑप्शन वापरण्याची अखेरची तारीख पाहून ठेवा. नोकरी सोडल्यावर ही मुदत बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांवर येते, आणि वरच्या पत्राचं उत्तर यायलाच त्यातले दोन-तीन आठवडे जातात. राजीनामा देणार असाल तर पत्र त्याआधी जायला हवं.

शेअर ज्या वर्षी मिळाले त्या वर्षापासून विवरणपत्राचा नमुनाही बदलतो. नोंद नसलेले इक्विटी शेअर जवळ असणाऱ्याला आयटीआर-१ भरता येत नाही. फक्त पगार असला तरी आयटीआर-२ घ्यावा लागतो आणि त्यात कंपनीचं नाव, पॅन, शेअरची संख्या आणि किंमत द्यावी लागते. कंपनीचा पॅन वाटपाच्या पत्रावर बहुधा नसतो, तो तेव्हाच मागून फाइलमध्ये लिहून ठेवा.